रिकामा केलेला जलतरण तलाव जमिनीतून वर का येतो?

टाइल्स बदलायला किंवा गळती शोधायला म्हणून तलाव रिकामा केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर त्याचा खोल भाग वीतभर वर आलेला. कडेची फरशी उचकटलेली, पाइप तुटलेले. असं खरोखर होतं, आणि त्यासाठी भूकंप लागत नाही. पन्नास-साठ टनांची काँक्रीटची टाकी जमिनीतल्या पाण्याने उचललेली असते. त्यातही टाकी जितकी पक्की, जितकी पाणीबंद, तितकी ती उचलली जाण्याची शक्यता जास्त. ठिकठिकाणी गळणाऱ्या टाकीत बाहेरचं पाणी आत शिरतं आणि दाब निदान काही प्रमाणात तरी उतरतो.

काँक्रीट पाण्यात बुडतं, हे खरं आहे, पण ते भरीव काँक्रीटच्या ठोकळ्याबद्दल. पोकळ काँक्रीट तरंगतं. फ्रान्समध्ये जोसेफ-लुई लाम्बो याने १८४८ साली लोखंडी जाळी आणि सिमेंटची होडी बनवली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तात्पुरती बंदरं उभारायला दोस्त राष्ट्रांनी काँक्रीटच्या अवाढव्य पेट्या इंग्लिश खाडीतून तरंगत ओढत नेल्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या सुमारे सहा हजार टनांच्या होत्या. जमिनीत पुरलेला रिकामा तलाव म्हणजे अशीच एक पेटी. फरक इतकाच की तिच्या भोवतीचं पाणी मातीच्या कणांमधल्या फटींत असतं, त्यामुळे ते दिसत नाही.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. ‘मातीत असून असून किती पाणी असणार?’ असं वाटतं. पण दाब पाण्याच्या साठ्यावर ठरत नाही, खोलीवर ठरतो. भूजलाची पातळी तळाच्या खालच्या पृष्ठभागापासून एक मीटर वर असेल, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून एक टनाचा रेटा येतो. तळाखालचा पाण्याचा थर बोटभर असो की कागदाइतका पातळ, रेटा तोच.

एक तलाव घेऊन आकडे मांडू. आतून १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, खोली सगळीकडे १.६ मीटर. खऱ्या तलावाला उतार असतो, पण हिशेबाला सपाट तळ बरा. भिंती आणि तळ २० सेंटीमीटर जाड. म्हणजे बाहेरून माप १०.४ बाय ५.४ मीटर, क्षेत्रफळ साधारण ५६ चौरस मीटर, आणि तळाच्या खालच्या बाजूपासून भिंतीच्या माथ्यापर्यंत उंची १.८ मीटर. तळाला सव्वाअकरा घनमीटर काँक्रीट लागतं, भिंतींना जवळपास दहा. घनमीटरला २.४ टन धरले तर काँक्रीटचं वजन ५१ टनांच्या आत-बाहेर येतं. प्लास्टर आणि टाइल्सचे पाच टन धरा. एकूण ५६ टन.

आता जमिनीतलं पाणी. ५६ चौरस मीटर तळ असल्यामुळे भूजल मीटरभर चढलं की ५६ टनांचा रेटा तयार होतो. म्हणजे या तलावाच्या तळाखालून मोजता पाणी एक मीटर चढलं, की वजन आणि रेटा बरोबरीत आले. त्या वेळी पाणी जमिनीच्या पृष्ठभागापासून अजून ८० सेंटीमीटर खाली असतं! वरून माती कोरडी दिसते, कुणाला शंकाही येत नाही. पावसाळ्यात पाणी जमिनीला टेकलं तर रेटा १०१ टन होतो आणि ५६ टनांच्या टाकीला ४५ टन कमी पडतात.

भरलेल्या तलावात हा प्रश्न येत नाही, कारण दीड मीटर पाणी म्हणजे आणखी ७५ टन. ५६ आणि ७५ मिळून १३१, समोर १०१. तलाव वर्षानुवर्षं जागचा हलत नाही तो त्यातल्या पाण्यामुळे. पाणी काढलं की मुख्य वजनच काढून घेतलं. बाजूच्या मातीचं घर्षण थोडं धरून ठेवतं, पण भिजलेल्या, सैल भरावाचा भरवसा धरू नये. डिझाइन करणारे उलट वजन रेट्यापेक्षा १० ते २० टक्के जास्त भरेल असं बघतात.

मग काँक्रीटच जाड का करत नाहीत? करतात, पण तो उपाय वाटतो तितका स्वस्त नाही. तळ १० सेंटीमीटर जाड केला तर वजन साडेतेरा टनांनी वाढतं. पण ती जाडी खाली खोदूनच मिळते, त्यामुळे टाकी तेवढं जास्त पाणीही बाजूला सारते आणि रेटा साडेपाच टनांनी वाढतो. हाती उरतात आठ टन. पाण्याखाली काँक्रीटच्या २.४ टनांपैकी १.४ टनच उपयोगी पडतात. आपल्या तलावातली ४५ टनांची तूट नुसत्या जाडीने भरायची, तर तळ आणखी जवळजवळ ५७ सेंटीमीटर जाड करावा लागेल. त्यापेक्षा तळाचा राफ्ट, म्हणजे तळाची सलग काँक्रीटची लादी, भिंतींच्या बाहेर अर्धा मीटर काढला, की त्यावर बसलेली माती टाकीला दाबून धरते. आपल्या तलावात त्यातून पाण्याखालची माती आणि काँक्रीट मिळून तीसेक टन मिळतील. काही ठिकाणी तळ खालच्या खडकात अँकर करतात. त्यात एक मेख आहे. टाकी वर येऊ दिली नाही, की सगळा रेटा तळालाच वाकवू पाहतो. तळ मधोमध वर फुगतो आणि त्याच्या वरच्या अंगाला ताण येतो. सळई फक्त खालच्या अंगाला असेल, तर टाकी जागेवर राहून तळच लांबीच्या दिशेने फाटेल.

टाकी उठायला किती वेळ लागतो, हेही याच हिशेबातून निघतं. तळाखाली दाब यायला अगदी थोडं पाणी पुरतं, पण टाकी ५ सेंटीमीटर उचलली जायची तर तिच्याखाली तयार होणारी पोकळी भरायला ५६ चौरस मीटर गुणिले ५ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे २,८०० लिटर पाणी तिथे वाहत यावं लागतं. वाळूत ते झपाट्याने येतं. चिकणमातीत झिरपत झिरपत येतं. म्हणूनच संध्याकाळी ठीक वाटलेला तलाव सकाळी उचललेला सापडतो. ‘रिकामा करून सहा तास झाले, काही झालं नाही’ याचा अर्थ धोका टळला असा होत नाही.

आता हे पाणी येतं कुठून? शेजारच्या विहिरीला पाणी दहा मीटरवर आहे, मग आपल्याला काय भीती, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो फसवा आहे. चिकणमातीत किंवा मुरमात खड्डा खणला, त्यात टाकी बांधली आणि भोवती सैल माती भरली, की मूळ जमिनीचंच एक भांडं तयार होतं. पावसाचं पाणी त्या सैल भरावातून उतरतं आणि खालची घट्ट जमीन ते सोडत नाही. विहिरीची पातळी काहीही असो, तलावाभोवती गळ्यापर्यंत पाणी. बांधकाम चालू असतानाही हेच होतं: टाकी ओतून झाली, भराव व्हायचाय, आत पाणी नाही, आणि एका जोरदार पावसाने खड्डा भरला. नव्याकोऱ्या टाक्या अशाही तरंगल्या आहेत. म्हणून टाकीला पुरेसं वजन येईपर्यंत खड्ड्यातलं पाणी उपसणारा पंप बंद करत नाहीत.

आणि पाण्याचा दुसरा पुरवठादार म्हणजे तलाव स्वतः. सांध्यातून गळणारं पाणी त्याच भांड्यात साठतं. इथून सांध्यांकडे वळायला हवं, कारण टाकी सहसा मोकळ्या काँक्रीटमधून गळत नाही. नीट घट्ट बसलेलं काँक्रीट पाणी जवळजवळ सोडतच नाही. गळते ती एका दिवसाचं काँक्रीट जिथे संपतं आणि दुसऱ्या दिवसाचं जिथे सुरू होतं तिथे, आणि पाइप किंवा दिव्याची पेटी जिथे भिंत भेदून जाते तिथे.

सर्वांत नाजूक सांधा तळ आणि भिंत यांच्यामधला. तळ ओततानाच भिंतीच्या जागी १० ते १५ सेंटीमीटर उंचीची काँक्रीटची पट्टी त्याच्यासोबत एकसंध उभी करतात. साइटवर तिला किकर म्हणतात. त्यामुळे सांधा कोपऱ्यातल्या सळयांच्या गर्दीतून बाहेर, जरा वर सरकतो, आणि भिंतीचं शटरिंग बसवायला आधारही मिळतो. किकरच्या मधोमध पीव्हीसीचा वॉटरस्टॉप उभा ठेवतात. हा फासळ्या असलेला रबरासारखा पट्टा, साधारण १५ ते २३ सेंटीमीटर रुंद. अर्धा आजच्या काँक्रीटमध्ये, अर्धा उद्याच्या. सांध्यातून आत शिरलेलं पाणी पट्ट्याला अडतं, आणि वळसा घालायचा तर त्याला प्रत्येक फासळीभोवतीच्या घट्ट काँक्रीटमधून जावं लागतं.

कागदावर हे बिनचूक आहे. साइटवर काय बिघडतं ते बघा. पट्टा सळईला तारेने नीट बांधलेला नसतो. काँक्रीट पडताना तो एका बाजूला लवतो आणि तसाच गाडला जातो. शटरिंग उघडल्यावर बाहेरून काहीच कळत नाही. पट्ट्याचे दोन तुकडे जोडताना तापलेल्या पात्याने वितळवून वेल्ड करायचे असतात, पण वितभर एकावर एक ठेवून खिळा ठोकला जातो. त्या दोन थरांच्या मधून पाण्याला सरळ वाट मिळते. आडव्या ठेवलेल्या पट्ट्याखाली व्हायब्रेटर पोचत नाही आणि तिथे नुसती खडी राहते, हनीकोंब होतं. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष कशाकडे होत असेल तर किकरच्या माथ्याकडे. ताज्या काँक्रीटवर पाण्याबरोबर सिमेंटची पातळ, कच्ची साय येते. ती खरवडून, खडी दिसेपर्यंत पृष्ठभाग खडबडीत करून, धुऊन मगच भिंत ओतायची असते. तसं न केल्यास नवं काँक्रीट जुन्याला चिकटत नाही, त्या कच्च्या थराला चिकटतं. मला विचाराल तर उत्तम वॉटरस्टॉप आणि न खरवडलेला सांधा यापेक्षा नीट खरवडलेला सांधा आणि साधा वॉटरस्टॉप केव्हाही परवडला.

पाणी लागलं की फुगणाऱ्या पट्ट्याही मिळतात. लावायला सोप्या, पण त्यांना दोन्ही बाजूंनी सात-आठ सेंटीमीटर तरी काँक्रीट हवं, नाहीतर फुगून त्या कडाच फोडतात. आणि भिंत ओतण्याआधीच पाऊस पडून पट्टी फुगली, तर तिचं काम तिथेच संपलं. पाइपांना भिंतीतून जाताना गळ्याभोवती चकती लागते, पडल फ्लँज. ती नसेल तर पाणी गुळगुळीत पाइपाच्या अंगाने सरळ निघून जातं. फवारून केलेल्या शॉटक्रीटच्या टाकीत सांधे कमी असतात, पण आपटून उडालेली खडी कोपऱ्यात साचते आणि ती उचलून फेकण्याऐवजी तिच्यावरच फवारा मारला, तर तिथेच कायमची गळती तयार होते. म्हणून प्लास्टर-टाइल्सच्या आधी, आणि शक्यतो बाहेरून भराव करण्याआधी, टाकी पाण्याने भरून तपासतात. ओल कुठून येते ते बाहेरून दिसतं आणि तिथल्या तिथे दुरुस्त होतं. अर्थात भिंतीचं डिझाइन आतून पाणी आणि बाहेर काही नाही, या स्थितीसाठीही केलेलं हवं.

समजा चाचणी झाली नाही आणि तलाव काही वर्षांनी गळू लागला. रोज पाणी उतरतं. बाष्पीभवन की गळती हे ठरवायला तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आत आणि बाहेर पातळीची खूण करायची आणि पंप बंद ठेवून चोवीस तासांनी बघायचं. तलावाची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे. पुढची नेहमीची युक्ती म्हणजे पाणी उतरू द्यायचं आणि ते थांबतं तिथे छिद्र शोधायचं. युक्ती चांगली, पण तिच्यात एक सापळा आहे. बाहेर भरावात साठलेलं पाणी आतल्या पाण्याच्या पातळीला आलं, तरीही गळती थांबते, मग छिद्र तळाला का असेना. म्हणजे तळापासून मीटरभर उंचीवर पाणी थांबलं याचा अर्थ ‘छिद्र तिथे आहे’ असा असू शकतो, किंवा ‘बाहेर तिथपर्यंत पाणी आहे’ असाही. दुसरा अर्थ खरा असेल आणि कुणी म्हणालं, आता उरलेलं पाणी उपसून तळ बघू, तर आपल्या हिशेबातल्या ५६ टनांच्या टाकीखाली १.२ मीटर पाण्याचा, म्हणजे ६७ टनांचा रेटा वाट बघत असतो.

हे कळायला एकच साधन लागतं: तलावाशेजारी तळापेक्षा खाली गेलेला, छिद्रं पाडलेला आणि जाळीदार कापडाने गुंडाळलेला उभा पाइप. बांधतानाच तळाखालच्या खडीच्या थराला तो जोडून ठेवला तर उत्तम. नसेल तर नंतर बोअर घेऊन बसवता येतो. त्यात वजन बांधलेली टेप सोडायची, ओली किती झाली ते बघायचं. तलावातलं पाणी त्या पातळीच्या खाली जाऊ द्यायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी टाकी उचलली जात नाही. उपसायचंच असेल तर आधी त्या पाइपात सबमर्सिबल पंप सोडून भूजल तळाच्या खाली नेतात, आणि तलाव रिकामा असेपर्यंत पंप रात्रंदिवस चालू ठेवतात, पर्यायी विजेसह. उपसलेलं पाणी लांब सोडायचं. तलावाशेजारच्या बागेत सोडलं तर तेच फिरून तळाखाली येतं. काम कोरड्या ऋतूत काढायचं, सामान आणि माणसं तयार असतानाच पाणी काढायचं आणि संपलं की लगेच भरायचं. ‘रिकामा आहेच तर महिनाभर राहू दे’ हा विचार सगळ्यात महाग.

बऱ्याच तलावांत सर्वांत खोल जागी, मुख्य निचऱ्याच्या खड्ड्यात, एक छोटी झडप असते. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की ती उघडते आणि भूजल तलावात येऊ देते. कल्पना साधी आणि बरोबर: पाण्यालाच आत घेऊन वजन वाढवायचं. पण तिच्या एकटीच्या जिवावर तलाव सोडून देऊ नये. वर्षानुवर्षं न उघडलेली झडप क्षाराने जाम होते, खालची खडी गाळाने भरते, आणि तळाखाली खडीचा थरच नसेल तर झडपेपर्यंत पाणी पोचतच नाही. उघडल्यावर कडेवर खडा अडकला तर ती पुन्हा नीट बंद होत नाही आणि तीच गळतीचं कारण होते. पाणी काढताना झडपेतून किंवा प्लग काढलेल्या भोकातून पाणी उसळत असेल, तर ते बूच मारून थांबवू नये. तळाखाली पाणी आहे हे ते सांगतंय.

रिकाम्या तलावात आणखीही खुणा दिसतात. भिंतीच्या तळाशी ओल येते, दिव्याच्या पेटीतून पाणी ठिबकतं, आतून लावलेलं वॉटरप्रूफिंग फोड आल्यासारखं सुटतं, टाइल्स ठोकल्यावर पोकळ वाजतात. तलावाची कड आणि बाजूची फरशी यांच्यातली फट रुंदावली किंवा कड फरशीपेक्षा वर आली, तर टाकी हलायला लागली आहे. तेव्हा उपसा थांबवून पाणी आत सोडायचं. ताणलेले पाइप किंवा दिव्यांची वायर तुटलेली असू शकते, म्हणून वीज आधी बंद.

बऱ्याच वर आलेल्या टाकीची गोष्ट वेगळी. पाणी ओसरलं म्हणून ती मुकाट्याने खाली बसत नाही, कारण मधल्या वेळेत बाजूची माती आणि गाळ तिच्याखाली सरकलेला असतो. घाईने पाणी भरलं तर काही ठिकाणी आधार, काही ठिकाणी पोकळी अशा अवस्थेत तळ मोडतो. आधी चारही कोपऱ्यांची पातळी मोजायची, भूजल खाली नेऊन तिथेच ठेवायचं, तळाखाली कुठे पोकळी आहे ते भोकं पाडून बघायचं. टाकी सरळ वर आली असेल आणि काँक्रीटला तडे नसतील, तर पोकळीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरून, कडेची फरशी नव्या उंचीला जुळवून ती आहे तिथेच वापरता येते. तिरकी होऊन भेगाळली असेल, तर बहुतेक वेळा फोडून नवी बांधणंच कमी त्रासाचं पडतं. निर्णयाआधी सगळ्या पाइपांची दाबचाचणी घ्यावी, कारण टाकी शाबूत वाटली तरी तळाला जोडलेले पाइप सहसा सर्वांत आधी तुटतात.